रास्त पीई काढताना वाढ आणि पेआउट वेगवेगळे का धरता येत नाहीत

प्रश्न: सर, मी नागपूरला बँकेत नोकरी करतो आणि संध्याकाळी शेअरचा अभ्यास करतो. एका कंपनीचा मागच्या वर्षीचा ईपीएस ४० रुपये, लाभांश १६ रुपये, भाव १,०९० रुपये. सूत्रात पेआउट ४० टक्के आणि अपेक्षित परतावा १३ टक्के धरला. वाढ ९ टक्के टाकली तर पीई १० येतो, १२ टाकली तर ४०, आणि १३ टाकली की एक्सेल #DIV/0! दाखवतं. यातला खरा पीई कोणता? आणि भाव तर २५-२७ पीईचा आहे, मग बाजार चुकतोय का?

उत्तर:

तुमची आकडेमोड बरोबर आहे. अडचण अशी की तुम्ही वाढ ९ वरून १२ टक्क्यांवर नेली आणि पेआउट, म्हणजे नफ्यातला वाटला जाणारा हिस्सा, मात्र ४० टक्केच ठेवला. कंपनी तशीच राहिली, लाभांश तेवढाच देत राहिली आणि वाढ मात्र तीन टक्क्यांनी फुकटात मिळाली, असं तुमच्या एक्सेलनं मानलं. सगळा घोळ तिथून सुरू होतो, म्हणून आधी सूत्र कुठून येतं ते पाहू.

लाभांश दरवर्षी ठरावीक दरानं कायम वाढत राहील असं मानलं, तर शेअरची आजची किंमत म्हणजे पुढच्या वर्षीचा लाभांश भागिले अपेक्षित परतावा वजा वाढ. मायरन गॉर्डन आणि एली शापिरो यांनी १९५६ मध्ये हे सूत्र मांडलं, म्हणून त्याला गॉर्डन मॉडेल म्हणतात. पुढच्या वर्षीचा लाभांश म्हणजे पुढच्या वर्षीचा ईपीएस गुणिले पेआउट. दोन्ही बाजूंना पुढच्या वर्षीच्या ईपीएसनं भागलं की पीई उरतो:

```
P0 = D1 / (r - g)
D1 = d * E1
P0 / E1 = d / (r - g)
```

इथे d म्हणजे पेआउट, r म्हणजे अपेक्षित परतावा, g म्हणजे वाढ. तुमच्या पहिल्या आकड्यांवर ०.४० भागिले ०.०४, म्हणजे १०.

हा १० पुढच्या वर्षीच्या ईपीएसवरचा आहे. संकेतस्थळांवर दिसणारा पीई बहुधा मागच्या चार तिमाहींच्या ईपीएसवरचा असतो. त्याच्याशी तुलना करायची तर १० ला १.०९ नं गुणायचं, म्हणजे १०.९. तुमच्या कंपनीचा पुढच्या वर्षीचा ईपीएस ९ टक्के वाढीनं ४३.६० होतो, त्यावर बाजारातला भाव २५ पट आणि मागच्या ४० रुपयांवर २७ पट. तुमच्या प्रश्नातले '२५-२७' हे दोन्ही आकडे म्हणूनच खरे आहेत. फक्त एका पद्धतीनं काढलेला पीई दुसऱ्या पद्धतीच्या पीईशी जोडायचा नाही. ईपीएस उपकंपन्यांसह एकत्रित आहे की एकट्या कंपनीचा स्वतंत्र, हेही बघत जा. एनएसईनं निफ्टीचा पीई मार्च २०२१ च्या अखेरीपासून एकत्रित ईपीएसवर काढायला सुरुवात केली, तेव्हा आकडा एका दिवसात बराच खाली आला होता. कंपन्या त्याच होत्या आणि भावही तेच होते.

आता मुख्य गोष्ट. वाढ येते कुठून? कंपनीनं नफ्यातला जो भाग वाटला नाही, तो तिनं पुन्हा धंद्यात घातला. त्या पैशावर तिला जेवढा परतावा मिळेल तेवढीच पुढच्या वर्षी कमाई वाढेल. राखून ठेवलेला हिस्सा गुणिले आरओई, म्हणजे भागधारकांच्या भांडवलावरचा परतावा, हीच टिकणारी वाढ. तुम्ही कंपनीचा आरओई लिहिलेला नाही. समजा १५ टक्के आहे. ती ४० टक्के वाटते म्हणजे ६० टक्के राखते, आणि ०.६० गुणिले १५ म्हणजे ९ टक्के वाढ. तुमचा पहिला आकडा म्हणूनच नीट जुळतो.

काटोलकडचा संत्रा बागायतदार डोळ्यासमोर आणा. यंदाच्या बहाराचे सगळे पैसे त्यानं घरखर्चाला आणि लग्नकार्याला वापरले तर पुढच्या वर्षी झाडं तेवढीच राहतील. नवी कलमं लावायची, ठिबक वाढवायचं तर त्याच पैशातून काही मागे ठेवावं लागेल. तेच पैसे घरीही खर्च केले आणि बागही वाढवली, असं होत नाही. तुमच्या १२ टक्क्यांच्या ओळीत नेमकं तेच झालंय.

म्हणून पेआउट स्वतंत्रपणे भरायचाच नाही. तो वाढीतून काढायचा: एक वजा वाढ भागिले आरओई. एक्सेलमध्ये B1 मध्ये वाढ, B2 मध्ये आरओई, B3 मध्ये अपेक्षित परतावा टाका आणि हे लिहा:

```
=(1-B1/B2)/(B3-B1)
```

आता वाढ १२ टक्के टाकून बघा. आरओई १५ असताना १२ टक्के वाढायला कंपनीला ८० टक्के नफा राखावा लागेल, वाटायला २० टक्केच उरतील. ०.२० भागिले ०.०१ म्हणजे २०. तुमचे ४० निम्म्यावर आले. वाढ ११ टक्के धरली तर पेआउट २६.७ टक्के आणि पीई १३.३, तुमच्या जुन्या पद्धतीनं तिथे २० आला असता.

आता B2 मध्ये १५ च्या जागी १३ टाका, म्हणजे आरओई आणि अपेक्षित परतावा सारखा. मग वाढ ३ टाका, ६ टाका, ९ टाका, उत्तर दरवेळी ७.७ च येईल. कारण साधं आहे. भागधारक जेवढा परतावा मागतो तेवढाच कंपनी त्याच्या पैशावर कमावते. तिनं पैसा वाटला काय नि राखला काय, भागधारकाला फरक पडत नाही. अशा वेळी पीई म्हणजे एक भागिले अपेक्षित परतावा, वाढ कितीही असो.

आणि आरओई १० टक्के टाकलात तर उलटंच दिसेल. ४० टक्के वाटून ६ टक्के वाढणाऱ्या त्या कंपनीचा पीई ५.७ येतो. तीच कंपनी ८० टक्के वाटून २ टक्केच वाढली तर ७.३. जास्त वाढली की किंमत कमी. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला सूत्र चुकलं असं वाटतं. पण १३ टक्के मागणाऱ्याचे पैसे १० टक्के देणाऱ्या कारखान्यात घालत राहिलं, तर प्रत्येक नव्या रुपयावर तोटाच होतो, आणि वाढ जेवढी वेगानं तेवढा तो तोटाही वेगानं होतो. गेली बावीस वर्षं मी कंपन्यांचे ताळेबंद वाचतोय. नवा प्रकल्प जाहीर झाला की भाव चढतो, तेव्हा नव्या पैशावर परतावा किती हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. मी तो आधी विचारतो.

#DIV/0! बद्दल. वाढ अपेक्षित परताव्याच्या जवळ गेली की छेद शून्याकडे जातो आणि पीई आभाळाला भिडतो. यात गणिताचा दोष नाही. 'कायम' या शब्दाचा अर्थ तिथे उघडा पडतो. या सूत्रातली वाढ पुढच्या पाच-दहा वर्षांची नाही, कायमची आहे. २०११-१२ ते २०२३-२४ या काळात भारताचा जीडीपी चालू किमतींनी, म्हणजे महागाईसकट, वर्षाला साधारण साडेदहा-अकरा टक्क्यांनी वाढला. कुठलीही कंपनी कायम त्याहून जोरात वाढली, तर एक दिवस ती देशाहून मोठी व्हायला हवी. आणि देशाचा वेगही पुढच्या पन्नास वर्षांत एवढाच राहील असं धरता येत नाही. त्यामुळे कायमच्या वाढीसाठी मी स्वतः ५ ते ७ टक्क्यांच्या वर जात नाही. तुमचे ९ टक्केसुद्धा मला कायमसाठी जास्त वाटतात.

अपेक्षित परतावाही एकच ठाम आकडा नसतो. सरकारी रोख्यावर ७ टक्के मिळतात असं धरलं आणि शेअरच्या जोखमीसाठी ६ टक्के जास्त मागितले की तुमचे १३ होतात. पण ते ६ कुणी ५ म्हणेल, कुणी ७. तुमच्या पहिल्या आकड्यांवर १२ टक्के धरले तर पीई १३.३, १४ धरले तर ८. म्हणून उत्तर '१०' असं न लिहिता '८ ते १३' असं लिहा. दशांशापर्यंत रास्त पीई सांगणाऱ्यानं ही ओढाताण बहुधा करून पाहिलेली नसते.

मग बाजार चुकतोय का? ते ठरवण्याआधी सूत्र उलटं फिरवा. पुढच्या ईपीएसवर पीई २५, आरओई १५, अपेक्षित परतावा १३. वाढ किती असेल तर सूत्र २५ देईल? उत्तर येतं सुमारे १२.३ टक्के, कायमचे, आणि पेआउट जेमतेम १८ टक्के. कंपनी आज ४० टक्के वाटतेय. म्हणजे १,०९० रुपये मोजणारा एक तर न होणाऱ्या गोष्टीवर पैसे लावतोय, नाही तर त्याच्या मनातली कंपनी तुमच्या तक्त्यातल्या कंपनीसारखी नाही. दुसरी शक्यता गंभीरपणे तपासावी लागते, कारण कायम एकाच दरानं वाढणारी कंपनी प्रत्यक्षात नसते. काही वर्षं जोरात, मग हळू, असंच होतं.

म्हणून दोन टप्प्यांत हिशोब करू. समजा कंपनी १० वर्षं १५ टक्क्यांनी वाढेल, मग कायम ६ टक्क्यांनी. आरओई २० टक्के आणि अपेक्षित परतावा तुमचाच, १३. पहिल्या टप्प्यात १५ टक्के वाढायला २० पैकी १५, म्हणजे ७५ टक्के नफा राखावा लागतो आणि २५ टक्के वाटला जातो. पुढच्या वर्षीचा ईपीएस ४६, त्यातला लाभांश ११.५०. दहा वर्षांचे लाभांश आजच्या किमतीत आणले की बेरीज सुमारे ११० रुपये. दहाव्या वर्षी ईपीएस १६१.८०, अकराव्या वर्षी ६ टक्के वाढीनं १७१.५०. तिथून पुढे पेआउट ७० टक्के, आणि रास्त पीई ०.७० भागिले ०.०७, म्हणजे १०. दहाव्या वर्षाअखेरचा भाव १,७१५, आजच्या किमतीत ५०५. दोन्ही मिळून ६१५ रुपये, म्हणजे मागच्या ईपीएसवर १५.४ पट. दहा वर्षं १५ टक्के वाढ गृहीत धरूनही २७ च्या जवळ आपण पोचलो नाही. शिवाय या ६१५ पैकी ५०५, म्हणजे पाचातले चार रुपये, दहाव्या वर्षानंतरच्या कमाईतून येतात. म्हणून शेवटच्या टप्प्याची वाढ आणि पेआउट यांवर मी पहिल्या टप्प्याहून जास्त वेळ घालवतो.

आता बाकी सगळं तसंच ठेवून आरओई तेवढा ४० टक्के करा. वाढ तीच १५, मग तीच ६. पण १५ टक्के वाढायला आता ३७.५ टक्केच नफा राखावा लागतो, ६२.५ टक्के वाटता येतो. दहा वर्षांच्या लाभांशांची आजची किंमत २७६ रुपये. शेवटच्या टप्प्यात पेआउट ८५ टक्के, पीई १२.१, त्याची आजची किंमत ६१४. एकूण ८९० च्या आसपास, म्हणजे २२ पट. वाढ तीच, जोखीम तीच, ईपीएस तोच. तरी एका कंपनीला १५ आणि दुसरीला २२. साबण-टूथपेस्ट विकणाऱ्या कंपन्यांचा पीई पोलाद किंवा सिमेंटच्या कंपन्यांहून वर्षानुवर्षं जास्त राहतो, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे. त्यांना वाढायला कमी पैसा लागतो.

त्यामुळे सगळा हिशोब आरओईवर उभा आहे, आणि तो आकडा फसवू शकतो. एक फसवणूक कर्जाची. नफ्याचं प्रमाण आणि मालमत्तेची उलाढाल तीच राहून कंपनीनं कर्ज वाढवलं तरी आरओई वर जातो. मग तक्त्यात ऐटबाज वाढ दिसते, पण ती वाढ टिकवायला दरवर्षी कर्जही त्याच वेगानं वाढवावं लागेल, आणि जोखीम वाढल्यामुळे अपेक्षित परतावाही १३ राहणार नाही. कामाला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत एका बांधकाम कंपनीचा आरओई २६ टक्के पाहून मी तिला उदार पीई दिला होता. दोन वर्षांनी व्याज नफ्यावर चढून बसलं आणि लाभांश बंद झाला. तेव्हापासून आरओईशेजारी कर्ज आणि भांडवलाचं प्रमाण लिहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

दुसरी फसवणूक चक्राची. नागपुरातच मुख्यालय असलेली मॉइल घ्या, डिसेंबर २०१० मध्ये शेअर बाजारात आलेली. तिची कमाई मँगनीजच्या भावावर हलते, आणि तो भाव पोलादाच्या मागणीबरोबर वरखाली होतो. भाव शिखरावर असताना ईपीएस फुगलेला असतो, म्हणून पीई स्वस्त दिसतो. भाव पडला की ईपीएस आक्रसतो आणि पीई महाग दिसतो. एका वर्षाच्या आरओईवर इथे सूत्र लावलं तर ते नेमकं उलट्या दिशेला नेतं. शिवाय डोंगरी बुजुर्गसारख्या खाणीत खनिज किती उरलंय याला मर्यादा असते, त्यामुळे 'कायम' हा शब्दही जपून वापरावा लागतो. अशा कंपनीसाठी मी सात-दहा वर्षांचा सरासरी ईपीएस आणि सरासरी आरओई घेतो. बाग विकत घेणारा जाणता माणूस तरी एकाच मृग बहाराच्या भावावर किंमत ठरवतो का?

पेआउटची एक लहान गोष्ट. कंपनी लाभांशाऐवजी शेअर परत विकत घेत असेल तर तीही रक्कम वाटपात धरा, नाही तर पेआउट खोटा कमी दिसेल. बाजारमूल्यानं पहिल्या १,००० कंपन्यांना सेबीच्या नियमाप्रमाणे लाभांशाचं धोरण जाहीर करावं लागतं. तुमच्या कंपनीचं ते वाचा, ४० टक्के ठरवून दिले जातात की योगायोगानं आलेत ते कळेल.

शेवटी तुमच्या कंपनीपुरतं करायचं काम. छापलेल्या आरओईवर थांबू नका, नव्या पैशावरचा परतावा स्वतः काढा. दहा वर्षांचे वार्षिक अहवाल घ्या. बोनस आणि स्प्लिट जमेस धरून प्रत्येक वर्षाचा ईपीएस आणि लाभांश एका रकान्यात लिहा. समजा दहा वर्षांपूर्वी ईपीएस १७ होता, आज ४० आहे. म्हणजे २३ रुपयांची भर. त्या वर्षापासून गेल्या वर्षाच्या आदल्या वर्षापर्यंत राखून ठेवलेल्या रकमांची बेरीज समजा १५४ रुपये आली. शेवटच्या वर्षी राखलेला पैसा अजून कमवायला लागलेला नाही, म्हणून तो सोडायचा. २३ भागिले १५४ म्हणजे १५ टक्के. एवढा आला तर आपण वर धरलेला आरओई नव्या पैशालाही लागू आहे, आणि १,०९० चा भाव मला पटत नाही. ३५-४० आला तर बाजाराला तुमच्या तक्त्याहून जास्त माहीत आहे, आणि दोन टप्प्यांचा हिशोब त्या आकड्यावर पुन्हा करा. १० च्या आसपास आला, तर छापलेला आरओई जुन्या कारखान्यांच्या जोरावर उभा आहे. मग वार्षिक अहवालात नव्या विस्ताराचं पान उघडा आणि तिथे किती कोटी जाणार आहेत ते बघा, कारण तेवढ्या पैशावर भागधारक दरवर्षी तीन टक्के गमावणार आहे.